गर्डरवर गर्डर बसतो तिथे स्टिफनर लागतो का? वेब क्रिपलिंगचा हिशोब

भोसरीचा_पंक्या

मंडळी, एक शंका आहे. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये मेझनिन करतोय, वर दोन ऑइल टँक बसणार आहेत. खाली आयएसएमबी 400, दोन कॉलमच्या मध्ये, स्पॅन 4 मीटर. त्याच्या डोक्यावर आडवा आयएसएमबी 300 टाकलाय, तो सलग पुढे जातो. हे क्रॉसिंग कॉलमपासून 600 मिमीवर येतं. टँकचे सॅडल 300 वर आहेत, आणि क्रॉसिंगला येणारी रिअ‍ॅक्शन फॅक्टर लावून 380 किलोन्यूटन निघते. स्टील साधं, 250 यील्डचं.

खालच्या 400 चं बेंडिंग, शिअर, डिफ्लेक्शन सगळं बसतंय. आता वेब क्रिपलिंग. 300 ची फ्लँज 140 रुंद, म्हणून बेअरिंग 140 धरलं. फ्लँज 16 आणि रूट 14 मिळून 30, त्याच्या अडीच पट म्हणजे दोन्ही बाजूंना 75-75. एकूण 290 मिमी वेब काम करते. 290 × 8.9 × 250 / 1.1 केलं की 587 आलं. 380 च्या मानाने भरपूर.

फॅब्रिकेटर म्हणतो स्टिफनर नको, खर्च वाढतो. आमचे साहेब म्हणतात प्रत्येक क्रॉसिंगला स्टिफनर टाक आणि झोप शांत. मला कारण हवंय, नुसता टाक किंवा नको टाक नको. काय करू?

कसबा_कट्टा

साहेबांचं ऐक. स्टिफनरपेक्षा साहेबांची फ्लँज जास्त जाड असते.

शिअर_लॅग

पंक्या, 587 आलं ना? मग विषय संपला. बेअरिंग स्टिफनर हे प्लेट गर्डरचं प्रकरण. रोल्ड सेक्शनच्या वेब जाड असतात, त्यांना लागत नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या ड्रॉइंगमध्ये आयएसएमबीला स्टिफनर दाखवल्याचं आठवत नाही. फक्त बकलिंगही तपास. त्यात 45 अंशाने निम्म्या खोलीपर्यंत लोड पसरतो, म्हणजे 200-200 मिळतात. ते पास झालं की सही करून मोकळा हो.

वळीव

शिअर_लॅग, बकलिंगचं बरोबर सांगितलंत. "रोल्डला लागत नाही" हे मात्र पटत नाही. रोल्ड सेक्शनला सहसा लागत नाही, कारण सहसा बीम बीमला वेबमध्ये क्लीटने जोडलेला असतो. तिथे फ्लँजवर लोड येतच नाही. इथे एक दुसऱ्याच्या डोक्यावर बसलाय, तो प्रकारच वेगळा.

पंक्या, तुझ्या आकड्यात एकच गोष्ट खटकते, ते 140. 300 ची खालची फ्लँज 140 रुंद आहे हे खरं, पण तिची टोकं लोड पोचवतात का? 13 मिमीची प्लेट, मध्ये वेबने धरलेली, दोन्ही बाजूंना 66 मिमी बाहेर लोंबतेय. लोड वेबमधून खाली येतो. टोकाला तो न्यायचा तर फ्लँज वाकायला लागेल, आणि वाकली की टोकं वर उचलतील. मग दाब राहतो फक्त वेबच्या आसपास. कोडमध्ये बेअरिंगची लांबी म्हणजे ताठ भागाची लांबी, आणि तो भाग घन स्टीलमधून 45 अंशाने मोजायचा.

म्हणजे 300 च्या वेबची जाडी 7.7, अधिक दोन फ्लँजजाड्या 26, अधिक रूटचा थोडा वाटा. ब्रिटिश बीएस 5950 मध्ये हा वाटा 1.6 गुणिले रूट रेडियस होता, मी तोच धरते. तो 22. बेरीज 56 मिमी. काही जण रूट सोडूनच देतात, मग 34 उरतात. काहीही धरा, 140 च्या जवळपासही जात नाही.

आता तुझा हिशोब: 56 आणि 150 मिळून 206. 206 × 8.9 × 250 / 1.1 म्हणजे 417. 587 चं 417 झालं. 380 ला अजून पास आहे, पण "भरपूर" हा शब्द काढून टाक.

भोसरीचा_पंक्या

धन्यवाद वळीवताई. म्हणजे तरी पासच ना? स्टिफनर नको?

वळीव

खालच्याला नको. वरचा कधी तपासलास?

माहेर_वाईचं

माफ करा, मध्येच विचारते. आमचं सदाशिव पेठेत जुनं घर आहे, गॅलरीखाली लोखंडी गर्डर आहेत आणि भिंतीत जिथे शिरतात तिथे गंज धरलाय. त्यालाच क्रिपलिंग म्हणतात का? कॉन्ट्रॅक्टर म्हणाला रंग मारला की झालं.

शिअर_लॅग

ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे. इथे गंज नाही, लोडचा दाब एका जागी एकवटतो त्याची चर्चा चाललीये.

वळीव

वेगळा आहे, पण नातं आहे. भिंतीत शिरतो तिथेच गर्डरचा दाब सगळ्यात एकवटलेला असतो, आणि नेमकी तिथेच वेब गंजून पातळ होते. आठची पाच झाली तर ताकद त्याच प्रमाणात गेली, बकलिंगमध्ये तर त्याहून जास्त. रंग मारायच्या आधी पोपडे खरवडून किती जाडी उरलीये ते मोजून घ्या. मधल्या भागात मोजू नका, भिंतीच्या तोंडाशी मोजा. आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष दाखवा, धाग्यावरून सांगता येणार नाही.

भोसरीचा_पंक्या

वरचा बघितला. खरंच बघितलाच नव्हता, कारण माझ्या डोक्यात वरचा "लोड" होता आणि खालचा "बीम". केलं ते असं:

```
आयएसएमबी 300 : tw 7.7, tf 13.1, रूट 14
b1 = 8.9 + 2×16 + 1.6×14          = 63 मिमी
पसरण = 2 × 2.5 × (13.1 + 14)      = 135.5 मिमी
Fw = (63 + 135.5) × 7.7 × 250/1.1 = 347 kN  < 380
```

बकलिंगला: d 246, सडपातळपणा 77, कर्व्ह सी मधून 140 चा ताण. (63 + 300) × 7.7 × 140 म्हणजे 392. पास, पण काठावर.

म्हणजे क्रिपलिंगला वरचा जातो आणि खालचा राहतो. बरोबर ना?

वळीव

बरोबर. दाब तोच, खालून वर ढकलतो एवढंच. वरच्याची वेब पातळ आणि फ्लँजही पातळ, म्हणून आधी तो दाबला जातो. बीमवर बीम असला की दोन्ही वेब तपासायच्या.

मॉडेलला हे दिसत नाही. तिथे एक रेष दुसऱ्या रेषेला एका बिंदूत भेटते. फ्लँज नाही, रूट नाही, ठेवलेली जागाही नाही. सगळे मेंबर हिरवे दिसतात आणि क्रॉसिंगचा हिशोब हातानेच करावा लागतो.

सातासमुद्रापार

ह्यूस्टनहून नमस्कार, मूळचा कोथरूडचा. तुमच्या आकड्यांवर आमची एआयएससीची समीकरणं चालवून पाहिली. आमच्याकडे हेच तुमचं अडीच पटवालं सूत्र वेबचं स्थानिक यील्डिंग म्हणून येतं आणि त्याला फाय 1.0 असतो. म्हणजे 1.1 ने भागायचं नाही. 198.5 × 7.7 × 250 केलं की 382. तुमचे 380 पास!

क्रिपलिंग आमच्याकडे स्वतंत्र तपासतात, वेब फ्लँजजवळ चुरगळते त्यासाठी. त्यात वेबच्या जाडीचा वर्ग येतो. तुमच्या 300 ला ते फाय 0.75 धरून 421 आलं. तेही पास. थोडक्यात, विमानाचं तिकीट काढलं की स्टिफनर वाचतो.

कसबा_कट्टा

दोन किलोन्यूटनसाठी विसा कोण काढेल?

शिअर_लॅग

मी तेच म्हणतोय केव्हापासून. 347 आणि 380, नऊ टक्क्यांचा फरक. आणि बाजारात 250 यील्डचं म्हणून येणारं स्टील मिल सर्टिफिकेटवर बहुतेक वेळा 280 च्या वर असतं. त्या हिशोबाने 347 चे 389 होतात. कागदावरच्या फेलला घाबरून वर्कशॉपभर पट्ट्या चिकटवायच्या का?

वळीव

सातासमुद्रापार, आकडा बरोबर आहे, पण त्या फायबरोबर लोड फॅक्टरही तिकडचे घ्यावे लागतील. इकडचे दीड पट लोड आणि तिकडची रेझिस्टन्स अशी खिचडी करून चालत नाही. पंक्याने पूर्ण हिशोब तिकडच्या पद्धतीने केला तर कदाचित आरामात बसेल, पण ड्रॉइंगवर आयएस 800 लिहिलंय.

शिअर_लॅग, सर्टिफिकेटवरचं यील्ड वापरणं मला पटत नाही. ते नमुना तपासलेल्या हीटचं असतं. उद्या फॅब्रिकेटरने दुसऱ्या लॉटचा तुकडा लावला तर? किमान हमी 250 ची आहे, डिझाइन तिच्यावर. आधीच उभ्या असलेल्या बिल्डिंगची तपासणी असती तर सर्टिफिकेट काढून बघितलं असतं, ते वेगळं.

शिअर_लॅग

तुमचं तत्त्व मान्य, पण प्रत्यक्षात हा बीम पडणार नाही हेही तुम्हाला माहीत आहे.

वळीव

पडणार नाही. रूटपाशी वेब थोडी यील्ड होईल, रंगाला बारीक तडे जातील, फ्लँज मिलिमीटरभर बसेल. रूटलगत आडव्या रेषेत रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर समजायचं. पण ऑइल टँकखाली मी ते बघत बसणार नाही.

चाकण_फॅब

मी फॅब्रिकेटर. तुम्ही लोक आकड्यांवर भांडताय, मी पट्टी कुठे बसते ते सांगतो.

वरच्या 300 ला स्टिफनर टाकायचा तर तो बरोबर खालच्या 400 च्या वेबच्या रेषेत यायला पाहिजे. पोरं काय करतात, 300 वर फ्लँजच्या खुणेने पट्टी वेल्ड करून शॉपमधून पाठवतात. साईटवर 300 सरकतो, पट्टी 30-40 मिमी बाजूला. आता लोड खालच्या वेबमधून येतो, तिथे वर काहीच नाही, आणि पट्टी शेजारी मोकळी उभी. मधली फ्लँज वाकते. पट्टी टाकली याचं समाधान सोडून काही उपयोग नाही. म्हणून आम्ही आधी दोन्ही बीम बोल्ट करून जागेवर बसवतो, खालच्या वेबचा सेंटर वर मारून घेतो, आणि मग पट्टी लावतो.

दुसरं. पट्टीचा कोपरा कापायलाच लागतो, नाहीतर रूटच्या गोलाईवर चढते आणि फ्लँजला टेकतच नाही. बाहेरून बघितलं तर बसल्यासारखी दिसते. फीलर गेज घाला, सरळ आत जातो. गॅसने कापलेली कड तशीच लावली तर दोन-तीन मिमी फट राहते आणि वेल्डर ती वेल्डने भरून टाकतो. ग्राइंडरने घासून, ठोकून बसवायची. ज्या फ्लँजवर दाब येतो ती बाजू आधी टेकवायची. इथे 300 ची खालची.

भोसरीचा_पंक्या

चाकणदादा, हे ड्रॉइंगवर कसं लिहू? "घासून ठोकून"?

चाकण_फॅब

लिही: खालच्या फ्लँजला घट्ट टेकवून वेल्ड, स्टिफनर खालच्या बीमच्या वेबच्या रेषेत, फरक 3 मिमीपेक्षा जास्त नाही. आणि खाली माझा नंबर लिहू नकोस.

भोसरीचा_पंक्या

मी स्टिफनर काढला तो असा. दोन्ही बाजूंना 60 × 8 ची पट्टी, कोपरा 15 कापला. म्हणजे फ्लँजला टेकणारे 45 × 8, दोन मिळून 720 चौ. मिमी. कोडप्रमाणे 720 × 250 / (0.8 × 1.1) म्हणजे 205 किलोन्यूटन. मला हवे होते 380 वजा 347, फक्त 33. सहा पट जास्त! 6 मिमीची पट्टी लावू का?

वळीव

कापलेला कोपरा वजा केलास हे छान, बरेच जण 60 च धरतात. फक्त 33 साठी डिझाइन करायला कोड परवानगी देतो, कारण वेब आपला वाटा उचलते असं तो धरतो. पण पट्टी नीट टेकली की ती वेबपेक्षा ताठ, तिच्याकडे 33 पेक्षा जास्तच जाणार. म्हणून मी 8 च ठेवेन. 6 आणि 8 मध्ये पैसे किती वाचतात ते चाकणवाल्यांना विचार.

स्टिफनर आणि वेब मिळून बनणाऱ्या खांबाचं बकलिंगही एकदा कर. वेबचे दोन्ही बाजूंना वीस-वीस जाडी लांबीचे तुकडे धरतात. इतकी आखूड उंची आणि बाहेर पसरलेल्या पट्ट्या म्हटल्यावर अडचण येणार नाही, पण पानावर असू दे.

चाकण_फॅब

पैसे काहीच वाचत नाहीत. पट्टीपेक्षा वेल्डर आणि ग्राइंडर महाग. सहा मिमी मागवली तर उलट शोधायला माणूस पाठवावा लागेल, आठचे तुकडे शॉपमध्ये पडलेत.

रिव्हेट_राव

धागा वाचतोय. निवृत्त आहे, पण राहवलं नाही. पंक्या, तुझ्या 392 च्या बकलिंगमध्ये सडपातळपणा काढताना 0.7 d घेतलास ना? तो 0.7 कधी चालतो? दोन्ही फ्लँज बाजूला सरकायच्या नाहीत आणि वळायच्याही नाहीत, तेव्हा. तुझ्या 300 ची खालची फ्लँज 400 ला बोल्ट आहे, ठीक. वरची कशाने धरलीये?

भोसरीचा_पंक्या

वर 6 मिमीची चेकर्ड प्लेट आहे काका, टॅक वेल्ड केलेली. आणि टँकचे सॅडल.

रिव्हेट_राव

टॅक वेल्ड! सरकण्यापासून कदाचित धरेल, वळण्यापासून नाही. वरची फ्लँज वळायला मोकळी असेल तर 0.7 चा 0.85 होईल, किंवा 1 सुद्धा. मग 392 कुठे राहतील बघ. 380 च्या खाली जातील.

शिअर_लॅग

काका, चेकर्ड प्लेट दोन्ही बाजूंनी वेल्ड आहे, वर टनावारी वजन बसलंय. फ्लँज वळेल कशी? इतकं काटेकोर धरलं तर पुण्यातलं एकही मेझनिन पास होणार नाही.

रिव्हेट_राव

वजन बसलंय म्हणून वळत नाही, हे उलटं आहे. वजनच तिला बाजूला लोटतं. टँक लोंबता असता तर तुमचं ऐकलं असतं.

वळीव

रिव्हेट_राव, प्रश्न योग्य आहे. मला वाटतं चेकर्ड प्लेट सलग फिलेटने वेल्ड केली तर 0.7 च्या जवळपास जाता येईल, टॅकवर मी जाणार नाही. पण किती वेल्ड म्हणजे पुरेसं धरणं, याचा ठोस आकडा मी कुठे पाहिलेला नाही. इथे स्टिफनर टाकल्यावर हा वाद तसाही मिटतो, कारण पट्टी त्या जागी वेबला आणि दोन्ही फ्लँजना एकत्र बांधते. हिशोबात क्रिपलिंगसाठी टाकलेला स्टिफनर प्रत्यक्षात 300 ला क्रॉसिंगवर आडवं पडण्यापासूनही अडवतो, म्हणून पट्टी पूर्ण उंचीची घे, अर्धी नको.

सातासमुद्रापार

एक सुचवू? स्टिफनरच कशाला? दोन बीमच्या मध्ये जाड पॅकिंग प्लेट घाला. 140 × 140 × 20. 45 अंशाने प्लेटमधूनही लोड पसरतो, म्हणजे ताठ लांबी दोन्ही बीमना 40 ने वाढली. वरच्याला 63 चे 103. मग 238.5 × 7.7 × 250 / 1.1 म्हणजे 417. क्रिपलिंग पास, पट्टी नाही, घासणं नाही.

चाकण_फॅब

ही आयडिया भारी आहे. तीन किलोचा तुकडा, चार बाजूंनी वेल्ड, संपलं. पोरं चुकूच शकत नाहीत.

भोसरीचा_पंक्या

पण लेव्हल 20 ने वर जाईल. जिन्याची शेवटची पायरी आणि पाइपचे फ्लँज आधीच ठरलेत.

वळीव

क्रिपलिंगला पॅकिंग नक्की चालतं. 10 मिमीचीही प्लेट घातलीस तर 382 येतात, तेवढीच लेव्हल बसत असेल तर बघ, काठावर आहे. पण रिव्हेट_रावांच्या प्रश्नाला पॅकिंग उत्तर देत नाही. वरची फ्लँज जितकी मोकळी होती तितकीच राहते. म्हणून पॅकिंग घेतलंस तर चेकर्ड प्लेटचं वेल्डिंग सलग कर, किंवा क्रॉसिंगजवळ 300 ला आडवा टाय दे.

कॉफी_डिपो

मला एक सांगा, 400 कॉलमला भेटतो तिथे पण हेच सगळं करायचं ना? त्या टोकाला तर रिअ‍ॅक्शन 323 येईल, क्रॉसिंग कॉलमच्या इतकं जवळ आहे म्हणून.

शिअर_लॅग

हो, टोकाला पसरण एकाच बाजूला मिळते. 75 ची सीट धरली तर क्रिपलिंग 303 आणि बकलिंग 287 येतं. दोन्ही 323 ला फेल! पंक्या, हे बघितलंस का?

भोसरीचा_पंक्या

तिथे सीट नाहीये. 400 ला एंड प्लेट आहे आणि ती कॉलमच्या फ्लँजला बोल्ट केलीये.

वळीव

मग फ्लँजवर दाबच नाही, वेबमधून सरळ वेल्डमध्ये आणि बोल्टमध्ये जातो. हा तपास लागू नाही, बोल्ट आणि एंड प्लेटचा लागू आहे. पण शिअर_लॅगनी काढलेले आकडे जपून ठेव. साईटवर उभारणीच्या सोयीसाठी कोणी खाली अँगलची सीट देऊन वरचे बोल्ट अर्धेच भरले तर तो दाब सीटवर जातो, आणि मग तुझा 400 टोकाला खरंच फेल आहे.

चाकण_फॅब

उभारणीची सीट काढत कोणीच नाही, हे खरंय.

रिव्हेट_राव

बोल्ट भरले की नाही ते टँक भरायच्या आधी बघा.

भोसरीचा_पंक्या

ठरवलं ते लिहितो. लेव्हल बदलता येत नाही म्हणून पॅकिंग नाही. वरच्या 300 ला प्रत्येक क्रॉसिंगवर दोन्ही बाजूंना 60 × 8, पूर्ण उंची, कोपरा 15, 400 च्या वेबच्या रेषेत, खालच्या फ्लँजला टेकवून. खालच्या 400 ला स्टिफनर नाही. साहेबांना 417 दाखवले तर ते म्हणाले, "मग खालीपण टाक ना, 380 च्या किती जवळ आहे." अजून वाद चाललाय.

कसबा_कट्टा

म्हणजे पहिल्याच प्रतिसादात मी बरोबर होतो.

चाकण_फॅब

ड्रॉइंग पाठव रे, क्रॉसिंग किती आहेत? पट्ट्या कापायला घेतो.